आजारपण, विलंब शुल्क आणि माफीचा अर्ज

ग्रंथालयातून घरी नेलेले पुस्तक देय दिनांकानंतर, म्हणजे ते परत करण्यासाठी ठरवून दिलेल्या शेवटच्या तारखेनंतर, जमा झाल्यास दर पुस्तकामागे दर दिवसाच्या हिशेबाने जी रक्कम आकारली जाते, तिला विलंब शुल्क म्हणतात. ही रक्कम ग्रंथालयाच्या उत्पन्नासाठी ठेवलेली नसते. एका वाचकाच्या घरी पुस्तक अडकून पडू नये आणि दुसऱ्या वाचकाला ते वेळेत मिळावे, एवढाच तिचा हेतू असतो. त्यामुळे ज्या वाचकाने पुस्तक निष्काळजीपणाने ठेवून घेतलेले नाही, तर ज्याला अंथरुणातून उठणेच शक्य नव्हते, त्याच्याकडून हे शुल्क वसूल केल्याने तो हेतू साधत नाही. हे ओळखूनच पुष्कळ ग्रंथालयांच्या नियमावलीत अपवादात्मक परिस्थितीत शुल्क माफ करण्याची तरतूद केलेली असते. ती तरतूद असूनही वाचकापर्यंत पोहोचत नाही, आणि ती मागणाऱ्याला याचकासारखे वागवले जाते, असा प्रस्तुत लेखिकेचा अनुभव आहे. ज्यांच्यावर असाच प्रसंग येईल त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून तो येथे मांडला आहे.

माफीचा अधिकार कोणाकडे असतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये ज्या ग्रंथालयांना शासनाची मान्यता आणि अनुदान मिळते, ती बहुतेक सर्व नोंदणीकृत संस्थांनी चालवलेली असतात. संस्थेचा कारभार सभासदांनी निवडलेले कार्यकारी मंडळ पाहते, त्या मंडळाचा दैनंदिन निर्णय घेणारा पदाधिकारी म्हणजे कार्यवाह, आणि ग्रंथपाल व इतर सेवक हे मंडळाने नेमलेले पगारी कर्मचारी असतात. देवघेव विभागात, म्हणजे जेथे पुस्तके दिली आणि परत घेतली जातात त्या खिडकीवर, बसलेल्या सेवकाला शुल्क घेण्याचा अधिकार असतो, सोडण्याचा सहसा नसतो. काही ठिकाणी ठरावीक रकमेपर्यंतचा अधिकार ग्रंथपालाला दिलेला असतो आणि त्यापुढील निर्णय कार्यवाह किंवा मंडळ घेते. महाविद्यालयात हीच साखळी ग्रंथपाल, ग्रंथालय समिती आणि प्राचार्य अशी असते. म्हणून खिडकीवर मिळालेला नकार हा बहुतेक वेळा संस्थेचा नकार नसतो, तर ज्याला होकार देताच येत नाही अशा माणसाचा नकार असतो, आणि वाचकाने तो अंतिम समजू नये.

प्रस्तुत लेखिका एका जिल्ह्याच्या गावातील जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाची अनेक वर्षांची वर्गणीदार आहे. कावीळ होऊन ती प्रथम रुग्णालयात आणि नंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून कित्येक आठवडे घरी सक्तीच्या विश्रांतीवर होती. ती एकटी राहत असल्यामुळे पुस्तके पोहोचती करणारे दुसरे कोणी नव्हते. बरी झाल्यावर ती पुस्तके, माफीचा लेखी अर्ज आणि रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, म्हणजे रुग्णास घरी सोडताना उपचारांचा सारांश लिहून दिला जातो तो कागद, घेऊन देवघेव विभागात गेली. तेथील सेवकाने अर्ज न उघडता आधी पुस्तके संगणकावर जमा करून घेतली, पडद्यावर आलेली रक्कम मोठ्याने सांगितली आणि पावती छापूनही टाकली. अर्जाकडे लक्ष वेधल्यावर त्याने डिस्चार्ज कार्ड उलगडून त्यावरील आजाराचे नाव रांगेत उभ्या असलेल्या वाचकांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचले, आणि लगेच नुकतीच जमा करून घेतलेली तिन्ही पुस्तके नोंदवहीच्या कडेने टेबलाच्या टोकाकडे सरकवली. 'मॅडम, कुणाच्या तरी हाती पाठवून द्यायची होती की,' असे त्याचे पहिले वाक्य होते, आणि 'आता पावती निघाली, संगणकात दंड काढायची सोयच नसते,' असे दुसरे.

या दोन वाक्यांतील विसंगती तेथे उभ्या असलेल्या कोणालाही दिसण्यासारखी होती. ज्या पुस्तकांना स्वतः हात लावण्यास सेवक कचरत होता, तीच पुस्तके शेजाऱ्यापाजाऱ्याच्या हाती पाठवायला हवी होती असे तो सांगत होता. वास्तविक कावीळ हे लक्षण आहे. लेखिकेला ती हिपॅटायटिस-ए या विषाणूमुळे झाली होती, आणि हा विषाणू मुख्यतः दूषित पाणी व अन्न यांच्यावाटे पोटात जाऊन पसरतो, त्यामुळे पुस्तके अशी दूर लोटण्याचे कारण नव्हते. ज्या आजारांत वस्तूंमार्फत संसर्ग होण्याची शक्यता मानली जाई, त्यांबाबतही इतर देशांच्या कायद्याने वाचकावर वेगळीच जबाबदारी टाकलेली होती. ब्रिटनच्या १९८४ च्या सार्वजनिक आरोग्य (रोगनियंत्रण) अधिनियमातील कलम २५ ग्रंथालयाच्या पुस्तकांसंबंधी होते, आणि अधिसूचित संसर्गजन्य रोगाचा संपर्क झालेले पुस्तक वाचकाने ग्रंथालयात परत न करता स्थानिक प्राधिकरणाला कळवावे, अशी त्याची अपेक्षा होती. म्हणजे आजारी माणसाने पुस्तक घरीच ठेवणे हा काही ठिकाणी गुन्हा नव्हे, तर कर्तव्य मानले गेले होते. लेखिकेच्या गावातील ग्रंथालयाला हा कायदा लागू नव्हता हे उघड आहे. परंतु आजारपणातील विलंब आणि आळसातील विलंब यांत फरक करणे ही नवी किंवा लहरी कल्पना नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

संगणकात सोय नसते, हे दुसरे विधान तर वस्तुस्थितीला धरून नव्हतेच. त्या ग्रंथालयात वापरात असलेली 'कोहा' ही ग्रंथालय व्यवस्थापनाची मुक्त प्रणाली न्यूझीलंडमध्ये तयार झाली आणि आज भारतातील अनेक ग्रंथालयांत ती चालते. तिच्यात पुस्तक जमा करून घेताना 'Forgive overdue charges' हा पर्याय निवडता येतो, आणि शुल्क आधीच खात्यावर चढले असेल तर ते 'Write off' या पर्यायाने निर्लेखित करता येते. निर्लेखित करणे म्हणजे येणे असलेली रक्कम अधिकृतपणे सोडून देऊन तशी नोंद ठेवणे. ही क्रिया करण्याची परवानगी प्रत्येक कर्मचाऱ्याच्या खात्याला स्वतंत्रपणे द्यावी लागते, त्यामुळे खिडकीवरील सेवकाच्या खात्याला ती दिलेली नसणे शक्य आहे. तसे असेल तर 'मला तो अधिकार नाही, ग्रंथपालांना भेटा' असे सांगता आले असते. आपल्या अधिकाराची मर्यादा यंत्राच्या माथी मारल्यामुळे वाचकाचा दाद मागण्याचा रस्ताच बंद होतो, कारण माणसाकडे अर्ज करता येतो, संगणकाकडे नाही.

लेखिकेला खरी गोष्ट कळली ती रक्कम भरून ग्रंथालयाबाहेर पडल्यानंतर, घरी सभासदत्वाची जुनी कागदपत्रे काढून पाहताना. वर्गणी आणि अनामत, म्हणजे सभासदत्व सोडताना परत मिळणारी ठेव, भरल्यावर दिल्या गेलेल्या अर्जाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत नियम छापलेले होते, आणि त्यांतील शेवटून दुसरा नियम असा होता की आजारपण, कुटुंबातील निधन किंवा तत्सम कारणास्तव झालेल्या विलंबाचे शुल्क पूर्णतः अथवा अंशतः माफ करण्याचा अधिकार कार्यवाहांस राहील. ज्या संस्थेने स्वतःच हा नियम केला होता, तिच्याच खिडकीवर तो नसल्यासारखे सांगितले गेले, आणि रांगेतील लोकांसमोर सभासदाला फुकट सवलत मागणाऱ्याच्या जागी उभे केले गेले. रक्कम फार नव्हती, आणि ती भरण्याची ऐपत नव्हती असेही नाही. परंतु जे नियमाने मिळू शकते ते मागताना मान खाली घालावी लागावी, हा अन्याय रकमेच्या मापाने मोजता येत नाही. लेखिकेने नंतर तोच अर्ज कार्यवाहांकडे दिला, आणि मंडळाच्या पुढील बैठकीत बहुतांश रक्कम माफ होऊन ती पुढील वर्गणीत वळती करण्यात आली. रोख परतावा मात्र मिळाला नाही, आणि त्याचे कारण सांगणे आवश्यक आहे.

विश्वस्त संस्थेच्या हिशेबाचे दरवर्षी लेखापरीक्षण होते आणि त्यात प्रत्येक पावती अनुक्रमांकानुसार जमेशी ताडून पाहिली जाते. पावती निघाली की शुल्क हे संस्थेचे जमा उत्पन्न ठरते. त्यानंतर ते परत करायचे तर मंजुरी, खर्चाचे प्रमाणक म्हणजे व्हाउचर आणि मंडळाचा ठराव इतके सर्व करावे लागते, म्हणून चांगल्या मनाचा पदाधिकारीसुद्धा तेथे अडखळतो. पावती निघण्यापूर्वी माफी देणे हे एका नोंदीचे काम असते. यावरून वाचकाने घ्यावयाची पहिली खबरदारी ठरते, ती अशी की पुस्तके टेबलावर ठेवण्यापूर्वी अर्ज पुढे करावा आणि 'पुस्तके जमा करून घ्या, शुल्काची पावती मात्र अर्जावर निर्णय होईपर्यंत काढू नका' असे स्पष्ट सांगावे. पुस्तके त्याच दिवशी जमा करणे यात महत्त्वाचे आहे, कारण विलंबाची मोजणी पुस्तक जमा झाल्यावरच थांबते. माफी मिळेपर्यंत पुस्तके घरी अडवून ठेवणाऱ्या वाचकाची रक्कम वाढत जाते आणि त्याची बाजूही पडते. नवी पुस्तके मिळण्यासाठी रक्कम भरणे भागच पडले, तर पावतीच्या दोन्ही प्रतींवर 'माफीच्या अर्जाच्या निर्णयाधीन' असे लिहून घ्यावे.

दुसरी गोष्ट पुराव्याची आहे, आणि बहुतेक अर्ज येथेच लंगडे पडतात. कालावधीपुरते पाहिले तर रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड केवळ तेथे दाखल असण्याच्या तारखा सांगते. त्यानंतरची विश्रांती, जी कावीळ किंवा विषमज्वर यांसारख्या आजारांत दाखल असण्याच्या काळापेक्षा पुष्कळ मोठी असते, त्यात आपोआप येत नाही. उदाहरणार्थ, एका वाचकाकडे तीन पुस्तके आहेत, देय दिनांक १२ जुलै आहे, शुल्क दर पुस्तकास दररोज १ रुपया आहे, तो १० ते १५ जुलै रुग्णालयात होता, डॉक्टरांनी २० ऑगस्टपर्यंत विश्रांती सांगितली आणि त्याने पुस्तके २५ ऑगस्टला जमा केली, असे धरू. विलंब १३ जुलै ते २५ ऑगस्ट असा ४४ दिवसांचा आणि शुल्क १३२ रुपये होते. केवळ डिस्चार्ज कार्ड जोडले तर १३ ते १५ जुलै एवढ्या तीनच दिवसांचे, म्हणजे ९ रुपयांचे समर्थन होते, आणि उरलेल्या रकमेसाठी मंडळाला केवळ वाचकाच्या शब्दावर विसंबावे लागते. त्याच डॉक्टरांकडून विश्रांतीच्या कालावधीचे प्रमाणपत्र घेतले तर २० ऑगस्टपर्यंतचे ३९ दिवस झाकले जातात, आणि ११७ रुपयांची माफी मागून उरलेले पाच दिवसांचे १५ रुपये भरण्याची तयारी अर्जातच दाखवता येते. ज्या दिवसांसाठी कारण नाही त्यांचे शुल्क स्वतःहून देऊ करणाऱ्या अर्जाला नाही म्हणणे कोणत्याही मंडळाला अवघड जाते. लेखिकेच्या अर्जावर कार्यवाहांनी शेरा लिहिताना हाच मुद्दा उचलला होता. याशिवाय साप्ताहिक सुट्टीचे दिवस वगळून मोजणी करण्याचा नियम असेल तर ४४ दिवसांतून सहा-सात दिवस मुळातच कमी होतात, आणि शुल्काला पुस्तकाच्या किमतीची कमाल मर्यादा आहे का तेही नियमावलीत पाहता येते. म्हणून माफी मागण्याआधी आकारणी बरोबर आहे याची खात्री करावी.

बरे झाल्यावर प्रमाणपत्र मागायला जाणाऱ्या वाचकाला डॉक्टर मागील तारीख टाकून देणार नाहीत, आणि तशी मागणी करूही नये. आजची तारीख घालून, अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत रुग्ण आपल्या उपचाराखाली होता व त्यास विश्रांतीचा सल्ला दिला होता, असे आपल्या नोंदींच्या आधारे लिहून देणे मात्र पूर्णपणे योग्य असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवणे आणि रुग्णाने मागितल्यास त्या ७२ तासांच्या आत देणे अपेक्षित आहे, त्यामुळे आता काही सापडणार नाही हे उत्तर लगेच मान्य करण्याचे कारण नाही. प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही आणि दोन्ही तारखा असाव्यात. आजाराचे नाव त्यात असण्याची ग्रंथालयाला गरज नाही. 'वैद्यकीय कारणास्तव घरी विश्रांती आवश्यक होती' एवढे पुरेसे आहे, आणि ते नाव कोणाच्या तरी तोंडून चारचौघांत वाचले जाण्याचा प्रसंग टाळायचा असेल तर हे प्रमाणपत्रच जोडावे, डिस्चार्ज कार्ड घरी ठेवावे किंवा बंद पाकिटात केवळ ग्रंथपालांना दाखवावे. हा सल्ला लेखिकेला फार उशिरा सुचला, कारण सार्वजनिक वाचनसंस्थेत अशी काळजी घ्यावी लागेल असे तिला कधी वाटले नव्हते.

अर्ज कार्यवाहांच्या नावे आणि ग्रंथपालांच्या मार्फत लिहावा. त्यात सभासद क्रमांक, पुस्तकांची नावे आणि दाखल अंक, म्हणजे प्रत्येक पुस्तकावर ग्रंथालयाने घातलेला स्वतंत्र क्रमांक, देय दिनांक, जमा केल्याचा दिनांक, आकारलेली रक्कम आणि मागितलेली माफी एवढे असावे; आजारपणाचे वर्णन दोन वाक्यांच्या पुढे जाऊ नये. ज्या नियमाच्या आधारे मागणी आहे तो नियम क्रमांकासह लिहिला तर अर्ज दयेच्या पातळीवरून नियमाच्या पातळीवर येतो. 'नियम क्र. अमुक अन्वये, सोबतच्या प्रमाणपत्रात नमूद कालावधीचे विलंब शुल्क माफ करावे, उर्वरित शुल्क भरण्यास तयार आहे, आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक देवघेव चालू ठेवावी' एवढा मजकूर बहुतेक ठिकाणी पुरतो. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक, म्हणजे कार्यालयात आलेल्या पत्रांच्या नोंदवहीतील क्रमांक, घ्यावा. 'ठेवून जा, बघू' या उत्तरावर सोडलेला अर्ज पुढील बैठकीपर्यंत टिकेलच असे नाही. सौजन्य सोडू नये, आणि आवाज चढवू नये.

आजारपण सुरू असतानाच दूरध्वनीवरून मुदतवाढ मागता येते, आणि अनेक ग्रंथालये ती देतात. पुस्तकावर दुसऱ्या वाचकाचे आरक्षण असेल तर मात्र ती मिळत नाही. आरक्षित पुस्तकाच्या बाबतीत माफीची अपेक्षाही मर्यादित ठेवली पाहिजे, कारण तेथे दुसरा वाचक खरोखर थांबलेला असतो. पुस्तक परत करण्यासाठी सभासदाने स्वतः येणे सहसा आवश्यक नसते, हेही खरे आहे. ज्याच्या घरात माणसे आहेत त्याला पाच-सहा आठवड्यांच्या विलंबाचे उत्तर द्यावे लागेल, आणि 'घरातील सर्वजण शुश्रूषेत होते' हे उत्तर पहिल्या आठवड्यापुरते चालते. एकट्या राहणाऱ्या व्यक्तीने मात्र आपण एकटे राहतो हे अर्जात लिहावे, त्यात कमीपणा काहीही नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी विशेष जागरूक राहिले पाहिजे, कारण त्यांच्या खात्यावरील न भरलेले शुल्क ना-देय प्रमाणपत्राच्या वेळी, म्हणजे महाविद्यालय सोडताना कोणतीही रक्कम देणे नाही असा दाखला घेताना, पुन्हा उभे राहते, आणि तोपर्यंत औषधांची बिले व डॉक्टरांच्या चिठ्ठ्या हरवलेल्या असतात.

विलंब शुल्कच नको, अशी येथे मागणी नाही. आयर्लंडने १ जानेवारी २०१९ पासून आणि न्यूयॉर्क शहरातील सार्वजनिक ग्रंथालयांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये ते रद्द केले. आपल्या जिल्ह्या-तालुक्यांच्या ग्रंथालयांकडे मात्र एकेका नव्या कादंबरीच्या एक-दोनच प्रती असतात, तेव्हा पुस्तक वेळेत परत यावे यासाठी काही बंधन राहिले पाहिजे, असेच लेखिकेचे मत आहे. परंतु देवघेव विभागात शुल्काचा दर मोठ्या अक्षरांत लावलेला असतो आणि ते माफ करण्याचा नियम अर्जाच्या मागील बाजूस बारीक टंकात असतो, ही मांडणी न्यायाची नाही. ग्रंथालयांच्या कार्यवाहांना आणि ग्रंथपालांना विनंती आहे की दराच्या फलकावरच खाली एक ओळ लिहावी, की आजारपणामुळे विलंब झाला असल्यास पावती काढण्यापूर्वी ग्रंथपालांना भेटावे, आणि वैद्यकीय कागद खिडकीवर मोठ्याने वाचला जाणार नाही अशी सक्त सूचना सेवकांना द्यावी.